ऑर्डरमागे सव्वा रुपया

मास्तरांनी एक रुपयाही खाल्ला नव्हता. हे वाक्य मी दोन वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमारास, माझ्याच घराच्या मागच्या खोलीत मोठ्याने बोलायला हवं होतं. बोललो नाही. दोन दिवसांनी ते स्वतः माझ्या ओसरीवर विचारायला आले, तेव्हाही बोललो नाही. उलट खोटं बोललो. आता मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो आहे. लिहिण्यामागे एक कारण आहे, ते शेवटी येईल.

यवतमाळात माझं घर आहे. मागच्या अंगाला दोन खोल्या आणि एक शेड. एका पतसंस्थेत चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातली पहिली पंचवीस वर्षं खतावण्या लिहिल्या, मग कॉम्प्युटर आले. बाकीचे ज्येष्ठ लोक त्यांना भ्यायले. मी नागपूरला जाऊन शिकून आलो. डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची जी भाषा असते, एसक्यूएल, ती मला आवडली. तिच्यात थोडक्यात विचारायचं असतं आणि उत्तर लगेच येतं. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, हे ज्ञान आता वाया जाणार. बायको गेल्यावर तर दिवस फारच लांब झाले होते.

अशात त्या दोन खोल्या एका बाईने भाड्याने मागितल्या. वय पस्तिशीचं. घाटंजीच्या वाटेवरच्या एका तांड्यावरची. बी.कॉम. झालेली, काही वर्षं खासगी शाळेत शिकवून कंटाळलेली. तिची आई, जिला ती याडी म्हणते, आणि तांड्यावरच्या इतर बायका कापडावर आरसे, कवड्या आणि रंगीत धाग्याचं भरतकाम करत. ते कापडाचे तुकडे इथे आणायचे, त्यांच्या पिशव्या शिवायच्या आणि इंटरनेटवर विकायच्या, असा तिचा बेत. सगळे तिला ताई म्हणत. मीही तेच म्हणू लागलो. ती मला काकाजी म्हणे.

पिशव्या कापायला आणि शिवायला तिने मास्तरांना ठेवलं. पंचावन्नच्या आसपासचे, शहरातले जुने शिंपी, वडिलांपासूनचं दुकान रस्तारुंदीत गेलेलं. तोंडात सुई धरूनही बोलत आणि त्यांचं बोलणं स्वच्छ कळे. ते मला साहेब म्हणत. मी कितीदा सांगितलं, साहेब बिहेब काही नाही, तर म्हणत, "बॅंकेतला माणूस साहेबच रायते. पैसा मोजता मोजता मान ताठ होते त्याची."

सुरुवातीला सगळं छोटं होतं. गिऱ्हाईक वेबसाइटवर ऑर्डर देई आणि तिथेच पैसे भरी. ते पैसे एका पेमेंट गेटवेमार्फत येत. गेटवे आपली फी कापून घेई आणि उरलेले ताईच्या खात्यात टाकी. माल कुरिअरने जाई. एक दिवस ताई म्हणाली, "काकाजी, विकून तर राह्यलो, पण एका पिशवीमागं हाती काय उरते ते समजत नाही. किंमत दिसते, बाकी सगळं इकडंतिकडं पांगलेलं."

ते खरंच पांगलेलं होतं. ऑर्डर आणि दिलेली सूट एका तक्त्यात. कापड, आरसे, मजुरी, शिलाई मिळून मालाचा खर्च दुसऱ्यात. कुरिअरचं बिल तिसऱ्यात. गेटवेची फी चौथ्यात, परत आलेला माल पाचव्यात. मी म्हणालो, हे माझ्यावर सोड. आठ दिवस बसून मी एक क्वेरी, म्हणजे त्या भाषेतला प्रश्न, लिहिली. ऑर्डर क्रमांक धरून पाचही तक्ते एकमेकांना जोडायचे. विक्रीच्या किमतीतून सूट वजा, मालाचा खर्च वजा, डिलिव्हरी वजा, गेटवे फी वजा, परतीचं नुकसान वजा. उरेल ते त्या ऑर्डरचं मार्जिन. मग महिन्याची सरासरी. परत येणाऱ्या पिशव्या थोड्याच, म्हणून परतीच्या तक्त्यात बहुतेक ऑर्डरींची ओळच नसे. तिथे शून्य धर, असं मी क्वेरीत लिहिलं होतं. हे मी आज मुद्दाम नोंदवतो, कारण एका ठिकाणी ते सुचलं आणि दुसऱ्या ठिकाणी सुचलं नाही.

दर महिन्याच्या दोन तारखेला मी तो कागद छापून देई. वर दोन आकडे ठळक: एकूण ऑर्डरी इतक्या, एका ऑर्डरमागे मार्जिन इतकं. ताई तो शेडच्या भिंतीला टाचणीने लावी. तांड्यावरच्या बायका शनिवारी काम घेऊन आल्या की तिची आई त्या कागदापुढे उभी राही आणि विचारी, "बरं हाये का?" ताई म्हणे, "बरं हाये." वाचता कुणालाच येत नसे, पण त्या कागदाकडे सगळ्या बघत. मला त्याचा अभिमान वाटे. लपवत नाही.

पहिले सात महिने तो कागद बरोबर होता. ते मी नंतर तपासून पाहिलं आहे.

आठव्या महिन्यात ताईने कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली. आधी पैसे भरायला लोक बिचकतात. माल हातात आल्यावर पैसे देऊ म्हणतात. ऑर्डरी तिपटीने वाढल्या. कुरिअरवाले दारात पैसे घेत आणि आठ-दहा दिवसांनी ताईच्या खात्यात भरत. यवतमाळ शहरातल्या आणि बाभुळगावच्या ऑर्डरी मात्र मास्तर आपल्या जुन्या लुनावर नेऊन देत. रोख पैसे एका खाकी पिशवीत आणत आणि संध्याकाळी ताईच्या टेबलावर ठेवत. कुरिअरने परत येणारी पार्सलंही तेच सही करून उतरवून घेत. या दोन्हींसाठी त्यांनी एक वही केली होती, शाळकरी, चौरेघी. तिच्यात ऑर्डर क्रमांक, त्यांनी पोचवली असेल तर पुढे रोख रक्कम, परत आली असेल तर कारण. "दार बंद." "बाई नाही म्हणली." "नवरा वरडला." "पिशवी लहान वाटली." "चुकून बटन दाबलं म्हणते." आम्ही त्या वहीवर हसत असू.

मी क्वेरीला हात लावला नाही. कशाला लावायचा, चालत होती.

कागदावर मार्जिन दिसलं एकशे दहा रुपये. ऑर्डरी पाचशे. ताईने त्या दोन आकड्यांचा गुणाकार केला, कोणीही करेल. पंचावन्न हजार. त्याआधीच सूट वीसची तीस टक्के झाली होती. एकशे दहा ती वाढीव सूट दिल्यानंतरचं होतं, म्हणून तिला वाटलं, सूट देऊनही एवढं उरतं. तिने तांड्यावरच्या आणखी अकरा बायकांना काम दिलं. आरशांचे खोके मागवले. दिवाळीपुढच्या त्या दोन-तीन महिन्यांत शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

आणि बॅंकेत पैसे नव्हते.

पहिल्या महिन्यात तिला वाटलं कुरिअरकडे अडकले असतील. दुसऱ्या महिन्यात कुरिअरचा सगळा हिशोब आला, तरी नव्हते. तिसऱ्या महिन्यात तिने अकरा बायकांची मजुरी दोन शनिवार थांबवली. तिची आई भिंतीवरच्या कागदापुढे उभी राहून म्हणाली, "यात तं बरं हाये म्हणते ना तू?"  त्याच संध्याकाळी ताई माझ्याकडे आली.

"काकाजी, कागद म्हणते पंचावन्न हजार. खात्यात चार हजार आहेत. भाडं, वीज, खोके सगळं धरूनही हे बसत नाही. मधात कुठं जाऊन राह्यले?"

मी म्हणालो, "कागद तर बरोबर आहे."

हे मी न तपासता म्हणालो. माझ्या आवाजात जराही शंका नव्हती. त्यामुळे तिने दुसरीकडे पाहायला सुरुवात केली, आणि दुसरीकडे पाहण्यासारखी एकच जागा होती: खाकी पिशवी.

बुधवारी तिने आम्हा दोघांना समोर बसवलं. मास्तरांनी वही आणली होती.

"मास्तर, रागावू नका," ती म्हणाली, "पण तुम्ही रोख आणता, अन् परतीचा मालही तुम्हीच घेता. एखादं पार्सल परत आलं म्हणून लिहिलं अन् विकलं, तर मले कसं समजन?"

 मास्तर म्हणाले, "नाही समजणार. पण वहीतलं अन् शेडमधलं जुळवून पाहा. परतीची हरेक पिशवी त्या खोक्यात हाये. फुटक्या आरशाच्याही."

"वही तुमचीच आहे, मास्तर."

"हो, माहीच. लोकायचं नवरा-बायकोचं भांडण मी मनानं लिहिन का ताई? एवढी अक्कल असती तं शिंपी कायले झालो असतो?"

ती हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "काकाजी, तुमच्या बॅंकेत दोन्ही बाजू जुळवतात ना? एकडाव जुळवून पाहा."

मास्तरही माझ्याकडे वळले. "साहेब, तुमचा कागद खोटं बोलत नसन. मंग मीच बोलून राह्यलो असन. पाहा तुम्ही."

ते उपहासाने बोलले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की कागद खोटं बोलत नाही, आणि म्हणून आपलीच कुठे मोजायची चूक झाली असेल. त्यांनी वही माझ्या हातात दिली.

गुरुवारी सकाळी मी वही घेऊन बसलो. पहिली ओळ बाभुळगावच्या एका ऑर्डरीची होती, मास्तरांनी स्वतः पोचवलेली. सरासरी न काढता तेवढ्या एकाच ऑर्डरीचं मार्जिन मी क्वेरीला विचारलं. उत्तराच्या रकान्यात काहीच आलं नाही. शून्य नाही, उणे नाही, रकाना रिकामा. दुसरी विचारली. रिकामा. परत आलेली विचारली. रिकामा.

 चूक कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरीत गेटवे नसतो. म्हणून फीच्या तक्त्यात त्या ऑर्डरीची ओळच नसते. तक्ते जोडताना तिथे रिकामी जागा येते. आमच्या खतावणीत रिकाम्या रकान्याचा अर्थ शून्य असे. पंचवीस वर्षं मी शून्य न लिहिता रकाना मोकळा सोडला होता, आणि बेरजेत तो शून्यच धरला होता. पण या भाषेत रिकाम्या जागेचा अर्थ 'माहीत नाही' असा होतो. पिशवीच्या पाचशे साठ रुपयांतून 'माहीत नाही' वजा केलं की उत्तर 'माहीत नाही' येतं. आणि सरासरी काढताना अशा ओळी ती गुपचूप सोडून देते. चूक म्हणून काही दाखवत नाही. ऑर्डरी मोजताना मात्र सगळ्या ओळी मोजते, कारण तिथे मी नुसत्या ओळी मोजायला सांगितल्या होत्या.

म्हणजे पाचशे ऑर्डरी खऱ्या होत्या. पण एकशे दहा रुपये ही फक्त आधी पैसे भरलेल्या एकशे चाळीस ऑर्डरींची सरासरी होती. उरलेल्या तीनशे साठ त्या सरासरीत नव्हत्याच. परतीच्या तक्त्यासाठी जे शब्द मी लिहिले होते, रिकामं आलं तर शून्य धर, ते फीसाठी लिहिले नव्हते. कारण मी क्वेरी लिहिली तेव्हा प्रत्येक ऑर्डरीला फी होती.

ते शब्द घातले आणि पुन्हा चालवली. त्या तीनशे साठ ऑर्डरींमागे मार्जिन उणे एक्केचाळीस रुपये. दहातल्या चार दारातून परत येत होत्या. परत आलेल्या पिशवीचे पैसे मिळत नाहीतच, वर जायचं कुरिअर ऐंशी आणि यायचं सत्तर. त्यातल्या काही मळून, आरसे फुटून येत, त्यांचा मालही गेला. ज्या घेतल्या जात त्यांच्यावर तीस टक्के सूट आणि पैसे वसूल करण्याची कुरिअरची वेगळी फी गेल्यावर नव्वद रुपये उरत. ते या परतीत बुडत. दोन्ही मिळून पाचशे ऑर्डरींमागे महिन्याचे उरले सहाशे चाळीस रुपये. ऑर्डरमागे सव्वा रुपया. त्यातून भाडं द्यायचं, वीज भरायची, खोके घ्यायचे.

ताईची बॅंक बरोबर होती. मास्तरांची वही बरोबर होती. वहीतल्या परतीच्या ओळी आणि तक्त्यातल्या परतीच्या ओळी मी दुपारपर्यंत एकेक करून ताडल्या. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. रोखही जुळली.

मी नवा कागद छापला आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. उद्या सकाळी सांगू, असं ठरवलं. त्याच वेळी उठून मागच्या खोलीत गेलो असतो तर वीस पावलं होती.

शुक्रवारी मी गेलो तेव्हा ताई आणि मास्तर समोरासमोर उभे होते. खाकी पिशवी टेबलावर होती, रिकामी, उलटी केलेली. शनिवारच्या आधीच काम घेऊन आलेल्या दोन बायका शेडच्या दारात थांबल्या होत्या, आणि ताईची आई.

ताई म्हणत होती, "मी चोर म्हणून नाही राह्यली. पण आजपासून रोख अन् परती मी पाहतो. तुम्ही फक्त शिवा."

मास्तर म्हणाले, "पिशवी घेतली म्हणजे म्हणलंच ना ताई. ह्या बाया पाहून राह्यल्या. पुढच्या शनिवारी सगळ्या तांड्यात होईन." मग त्यांनी मला पाहिलं. "साहेब आले. जुळलं का साहेब?"

खिशातला कागद छातीला लागत होता. मला एवढंच म्हणायचं होतं: चूक माझी आहे. समोर ताई होती. ती येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवून सांगे, आमच्या काकाजींचा कागद कधी चुकत नाही. मी सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की अकरा बायका कामावर घेतल्या त्या माझ्या चुकीवर, दोन शनिवार त्यांना रिकाम्या हाताने पाठवलं ते माझ्या चुकीमुळे. मला वाटलं, दोन दिवस जाऊ देत, शांतपणे तिला एकटीला सांगू. आणखी एक गोष्ट होती, ती लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. संशय माझ्यावर येण्यापेक्षा मास्तरांवर यायला सोपा होता. मी तिच्या जागेचा मालक, पतसंस्थेतला साहेब. ते रोजंदारीचे शिंपी, वस्तीतले मुसलमान. कोणी हे बोललं नाही. पण दारातल्या बायकांनी ज्या सहजपणे मान हलवली, तिच्यात ते होतं, आणि मी त्याच्या आड उभा राहिलो.

मी म्हणालो, "पाहतोय अजून."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून मशीनवर ठेवला, लुना सुरू केली आणि गेले.

रविवारी दुपारी ते माझ्या ओसरीवर आले. बसले नाहीत. "साहेब, ताईपुढं तुम्ही बोलले नाही, समजलं मले. आता दोघंच हावो. एकडाव पाहा ना परत. माह्या वहीत चूक असन तं दाखवा, मी पायी जाऊन पैसे भरतो. पण चूक नसन तं तसं सांगा. तुमच्याशिवाय पाहू शकणारं कोणी नाही इथं."

"पाहिलं मी, मास्तर," मी म्हणालो. "कागद बरोबर आहे."

त्यांनी मान हलवली. "मंग ठीक हाये," म्हणाले. जाताना फाटक नीट लावून गेले. वही माझ्याकडेच राहिली. मागितलीही नाही.

त्यानंतर मी जे केलं ते त्या खोट्यापेक्षाही वाईट होतं. पुढच्या दोन तारखेला मी दुरुस्त क्वेरी चालवली आणि खरा कागद दिला. ताईला सांगितलं, या महिन्यात परती फार झाल्या. रोखीच्या आणि आधी भरलेल्या ऑर्डरी वेगळ्या काढून दाखवतो आता. रोखीच्या ऑर्डरींपुढचा उणे आकडा पाहून ती हादरली. हुशार आहे, तिने सूट पंधरावर आणली, लांबच्या गावांची कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली, जवळच्यांना ऑर्डर पाठवायच्या आधी फोन करू लागली. तीन महिन्यांत कागद आणि बॅंक जुळू लागले. सगळ्या बायकांची थकलेली मजुरी दिली. आणि सगळ्यांनी पाहिलं की मास्तर गेले आणि पैसे जुळायला लागले. माझ्या मुकाट दुरुस्तीने त्यांच्या नावावर शिक्का मारला.

मास्तर पुसदला गेले, असं कळलं. एका कापडाच्या दुकानाबाहेर ओट्यावर मशीन टाकून साड्यांना फॉल लावतात.

दोन वर्षं मी रोज सकाळी ती चौरेघी वही ज्या कपाटात आहे त्याच्याच वरच्या फळीवरून चहाची साखर काढली.

गेल्या महिन्यात घाटंजीला बचत गटांचा मेळावा होता. ताईला बोलायला बोलावलं होतं. मलाही तिने नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. ती बोलली चांगली. किंमत म्हणजे कमाई नव्हे, सूट कुठून निघते, परतीचं भाडं कोण भरतं, सगळं सोपं करून सांगितलं. मग म्हणाली, "अन् एक ध्यानात ठेवा. आमची गळती बाहेर नव्हती, घरातच होती. विश्वासाचा माणूस होता, शिवणारा. त्याले काढलं अन् धंदा उभा राह्यला. हे मले या काकाजींच्या कागदानं दाखवलं." टाळ्या वाजल्या. माझ्या गळ्यात हार घातला. मी तो घालून घेतला.

परतताना तिच्या गाडीत आम्ही दोघंच होतो. कापसाच्या गाड्यांमागून हळूहळू चाललो होतो. मी म्हणालो, "ताई, गाडी बाजूला घे."

"काहून? मळमळून राह्यलं का?"

"घे."

एका बंद जिनिंगच्या फाटकापाशी तिने गाडी लावली. मी सगळं सांगितलं. रिकामा रकाना, एकशे चाळीस आणि तीनशे साठ, सव्वा रुपया. ती शिकलेली आहे, मधेच समजली. समोरच्या काचेकडे पाहत राहिली.

"तुम्हाले कधी समजलं?"

"गुरुवारी."

"मी पिशवी घेतली त्याच्या आधी?"

"आदल्या दिवशी."

"त्यानं तुम्हाले विचारलंतं? एकट्यात?"

"रविवारी. घरी आले होते."

ती खाली उतरली. रस्त्याच्या कडेला बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. परत येऊन बसली तेव्हा म्हणाली, "मी त्यायच्या समोर पिशवी उलटी केली, काकाजी. चार आणेही पडले नाही तिच्यातून." आणि गाडी सुरू केली.  माझ्या गळ्यातला हार मी काढला होता, तो कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुसदला गेलो. मास्तर ओट्यावर होते. डोळ्यांना जाड चष्मा आला होता. ताई त्यांच्यापुढे खाली बसली, मी उभा राहिलो. मी वही पुढे केली आणि बोललो. बोलणं संपेपर्यंत त्यांनी मशीन थांबवलं नाही. फॉलची कड संपली तेव्हा धागा तोडला.

"गुरुवारी समजलंतं," ते म्हणाले. "मी रविवारी आलतो."

"हो."

"म्हणजे मी फाटकातून आत येऊन राह्यलो तवा तुम्हाले माहीत होतं."

"हो."

ताई म्हणाली, "मास्तर, परत चला. मी पाया पडतो तुमच्या."

"येत नाही ताई. तुमचा राग नाही, तुम्हाले कागदानं सांगितलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेल्या साली यवतमाळात शाळेच्या गणवेशाचं काम निघालंतं. मी गेलतो मागाले. तिथला माणूस म्हणे, तुमचं कापड-बिपड मोजून ठेवा लागन म्हणते लोकं. वीस वर्ष ओळखत होता तो मले." त्यांनी दुसरी साडी ओढली. "मले कायले सांगता? मले तं माहीतच होतं. जिथं माहं नाव गेलं तिथं जाऊन सांगा. लिहून न्या, वाचून दाखवा. तोंडी बोलले तं तुम्ही मधात थांबसान."

वही त्यांनी घेतली नाही.

म्हणून हे लिहिलं. गेल्या शनिवारी शेडमध्ये बायका जमल्या तेव्हा यातली पहिली पानं वाचून दाखवली. रिकाम्या रकान्याचं त्यांना किती कळलं ठाऊक नाही. "कागद बरोबर आहे, असं मी खोटं सांगितलं" हे कळलं.  ताईची आई खाली बसून कवड्या ओवत होती. तिने विचारलं, "तो माणूस चोर नव्हता?"

"नव्हता."

"मी तं सगळ्या तांड्यात सांगितलं." तिने ओवलेली माळ मांडीवर ठेवली. "लग्नात सांगितलं. बाजारात सांगितलं. माह्या बहिणीच्या गावात सांगितलं. आता मी किती घरी जाऊ?"

तिला मी म्हणालो, तू नको, मी जातो. त्या वेळच्या अकरा बायकांची यादी ताईने काढून दिली आहे. हे कागद घेऊन मी जातो आणि दारात उभा राहून वाचतो. आतापर्यंत सात घरं झाली. एका घरात पाणी दिलं, एका घरात म्हातारा म्हणाला, आता सांगून काय फायदा. दोघीजणी घरच्यांसोबत ऊस तोडायला गेल्या आहेत, उन्हाळ्यात येतील. एक सापडत नाही, एक घर अजून राहिलं आहे. एक वारली, तिच्या सुनेला मास्तर कोण हेच माहीत नव्हतं, पण सासू कुणा शिंप्याबद्दल काहीतरी सांगायची, एवढं तिला आठवत होतं. तिलाही वाचून दाखवलं.

ते घर सात घरांत धरलं आहे.